कोल्हा, गाय आणि साठ सेकंद

पडद्यावर शंभरेक शब्दांचा इंग्रजी उतारा येतो आणि ४५ सेकंदांनी नाहीसा होतो. मग हेडफोनमध्ये एका प्राध्यापिकेचा आवाज सुरू होतो. मिनिट-दीड मिनिट त्या बोलतात आणि थांबतात. पुन्हा ऐकायची सोय नाही. प्रश्न दिसतो, विचार करायला ३० सेकंद मिळतात, 'बीप' वाजतो आणि पुढचे ६० सेकंद तुम्ही बोलायचं. उताऱ्यात काय होतं, व्याख्यानात काय होतं आणि दोघांचा एकमेकांशी संबंध काय, हे सगळं त्या मिनिटात. समोर माणूस नसतो, मायक्रोफोन असतो. शेजारच्या खुर्चीतला परीक्षार्थी त्याच वेळी त्याचं उत्तर खड्या आवाजात देत असतो, ते वेगळंच.

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या दोन पिढ्यांनी हा प्रकार टोफेलच्या परीक्षेत अनुभवला आहे. ईटीएस या संस्थेने २००५ मध्ये टोफेलची इंटरनेटवरची आवृत्ती आणली, तेव्हा बोलण्याच्या विभागातल्या सहापैकी चार प्रश्नांत आधी काहीतरी वाचून किंवा ऐकून मग बोलायचं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सहाचे चार प्रश्न झाले, त्यांतले तीन असे जोडप्रश्न होते. त्या तीनपैकी दोघांत वाचन, ध्वनिफीत आणि तोंडी सारांश असा तिहेरी गोफ होता. जानेवारी २०२६ मध्ये परीक्षेचा साचा बदलला आणि हे प्रश्न टोफेलमधून गेले. आता तिथे ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणणं आणि मुलाखतीसारखे प्रश्न असतात. तेव्हा टोफेलची तयारी करणाऱ्याने क्लासमधलं पुस्तक कोणत्या साली छापलेलं आहे ते आधी बघावं. ऐकून सारांश सांगण्याची कसोटी मात्र मोडीत निघालेली नाही. पीटीई परीक्षेत दीड मिनिटापर्यंतचं व्याख्यान ऐकून, केवळ दहा सेकंदांच्या तयारीवर, ते ४० सेकंदांत सांगावं लागतं. तीन माणसांची चर्चा ऐकून तिचा सारांश सांगण्याचा प्रश्नही तिथे आता आहे. माझ्या मते या सगळ्या भावंडांत टोफेलचा जुना तिहेरी प्रश्न सर्वांत नीट घडवलेला होता. परीक्षा द्यायची नसली तरी सरावासाठी तोच घ्यावा, म्हणून त्याचाच एक नमुना इथे उलगडून दाखवतो.

आधी थोडा हिशेब. उतारा साधारण शंभर शब्दांचा. व्याख्यान दीड मिनिटाचं धरलं तर बोलण्याच्या साध्या वेगाने सव्वादोनशे शब्दांचं. म्हणजे कानाडोळ्यांवाटे आत गेले सव्वातीनशे शब्द. आपल्यासारखा, इंग्रजी बरं असलेला पण घरात न बोलणारा माणूस मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द बोलतो. दोनशे शब्द टाकून द्यावे लागणार हे उघड आहे. हा प्रश्न स्मरणशक्तीचा आहे असं समजून बरीच मुलं जास्तीत जास्त लिहून घेण्याच्या मागे लागतात. खरी परीक्षा कुठले दोनशे शब्द सोडायचे याची असते, आणि सोडायचे ते बहुतेक उताऱ्यातले.

याचं कारण प्रश्नाच्या रचनेतच आहे. उतारा एखाद्या कल्पनेची सर्वसाधारण व्याख्या देतो. व्याख्यानात त्या कल्पनेचं एक-दोन उदाहरणांतून प्रत्यक्ष रूप येतं. प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: प्राध्यापिकेने दिलेलं उदाहरण वापरून ही कल्पना समजावून सांगा. म्हणजे उत्तराचा कणा उदाहरण आहे. उताऱ्याकडून फक्त व्याख्येचं एक वाक्य, फार तर दीड, घ्यायचं.

नमुन्यासाठी मी असा उतारा रचला आहे. परीक्षेत तो अर्थातच इंग्रजीत असतो.

"लक्ष विचलित करणारं वर्तन. काही पक्षी जमिनीवर घरटं करतात. शिकारी प्राणी घरट्याजवळ आला की त्याच्याशी झुंजण्याची ताकद त्यांच्यात नसते. अशा वेळी पालक पक्षी मुद्दाम शिकाऱ्याचं लक्ष स्वतःकडे ओढून घेतो. बहुधा आपण जखमी किंवा दुबळे असल्याचं सोंग करतो. सहज मिळणाऱ्या भक्ष्याच्या आशेने शिकारी त्याच्या मागे जातो आणि अंडी वाचतात. यात पालकाला धोका असतो, पण शिकारी पुरेसा लांब गेला की पक्षी सुटका करून घेतो."

आता व्याख्यान. प्राध्यापिका सांगतात की उत्तर अमेरिकेत किलडीअर नावाचा पक्षी आहे. (आपल्या टिटवीच्याच कुळातला. हे मात्र माझं, त्यांचं नव्हे.) तो उघड्यावर, खडीत, कधी कधी वाहनं उभी करायच्या जागेतसुद्धा अंडी घालतो. आडोसा काहीच नसतो. कोल्हा जवळ यायला लागला की किलडीअर घरट्यापासून बाजूला होतो, एक पंख मोडल्यासारखा जमिनीवर फरफटवतो आणि मोठमोठ्याने ओरडतो. कोल्ह्याला वाटतं, शिकार आयतीच मिळाली. तो मागे लागतो. पक्षी थोडा पुढे, कोल्हा त्याच्यामागे, असं होत होत घरटं बरंच मागे पडलं की 'मोडका' पंख एकाएकी बरा होतो आणि पक्षी उडून जातो. मग प्राध्यापिका म्हणतात: गाय आली तर मात्र किलडीअर हे करत नाही. गाईला पक्षी खायचा नसतो, तेव्हा जखमी पक्षी पाहून ती मागे येणार नाही. तिच्याकडून धोका आहे तो पायाखाली अंडी तुडवली जाण्याचा. म्हणून तिथे पक्षी पंख आणि शेपटी पसरून तिच्या समोर उभा राहतो, प्रसंगी अंगावर धावतो, आणि तिला वाट बदलायला लावतो.

हे ऐकताना हातात पेन्सिल आहे आणि कोरा कागद आहे. लिहायचं काय?

वर्गात टिपणं काढण्याची जी पद्धत सर्वांत नावाजलेली आहे, ती कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांची. कागदाच्या डावीकडे अरुंद रकाना, उजवीकडे रुंद, खाली सारांशाची जागा. पद्धत चांगलीच आहे, पण ती टिपणं रात्री घरी जाऊन पुन्हा वाचण्यासाठी आहेत. इथे तुमच्या टिपणाचं आयुष्य दोन-तीन मिनिटांचं. लघुलिपीही उपयोगाची नाही, कारण तिचा सगळा भर एकही शब्द न सुटण्यावर असतो आणि आपल्याला तर शब्द सोडायचे आहेत. कामाची पद्धत सापडते दुभाष्यांकडे. परिषदेत वक्ता चार-पाच मिनिटं बोलतो, दुभाषा वहीत काही खुणा करतो आणि वक्ता थांबला की तेच भाषण दुसऱ्या भाषेत सांगतो. जिनिव्हातले दुभाषे झाँ-फ्रान्स्वा रोझाँ यांनी १९५६ मध्ये या टिपणविद्येवर फ्रेंचमध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. दुभाष्यांच्या प्रशिक्षणात ते आजही वापरलं जातं. त्यांच्या सात तत्त्वांपैकी पाच आपल्या कामाची आहेत; ती चार सूत्रांत मावतात.

पहिलं, शब्द टिपायचा नाही, कल्पना टिपायची. प्राध्यापिका म्हणाल्या की पक्षी पंख मोडल्यासारखा जमिनीवर फरफटवतो. कागदावर फक्त 'पंख ओढ'. दुसरं, टिपण आडवं न लिहिता उभं लिहायचं आणि दर पायरीला थोडं उजवीकडे सरकायचं. नवा मुद्दा सुरू झाला की पुन्हा डाव्या कडेला यायचं. तिसरं, जोडणारे शब्द कधीही गाळायचे नाहीत. 'म्हणून', 'पण', 'कारण' यांच्यासाठी एकेक खूण ठरवून टाकायची, कारण नामं आठवतात, नातं आठवत नाही. बोलताना अडतं ते तिथेच. चौथं, शब्द तोडायचा असेल तर पहिली एक-दोन आणि शेवटची एक-दोन अक्षरं लिहायची. 'प्रॉडक्शन', 'प्रॉडक्ट' आणि 'प्रॉडक्टिव्ह' तिन्हींसाठी 'प्रॉड' लिहून ठेवलं, तर अर्ध्या मिनिटाने आपलंच टिपण आपल्यालाच कोडं घालतं.

या चार गोष्टी धरून किलडीअरचं टिपण असं होईल. परीक्षेत ते इंग्रजीत लिहावं हे उत्तम. मराठीत लिहिलं तर मनाई कुणाची नाही, पण मग बोलताना दर ओळीला भाषांतराचा टोलनाका लागतो.

```
वाचन    लक्ष वि. = जखमी सोंग → शिकारी घरट्यापासून लांब

ऐकलेलं  किल. : उघडं, खडी
           कोल्हा → पंख ओढ + ओरड
              मागे लागतो
                 लांब → उडाला

        पण गाय : खात ✗, तुडवते
           ∴ पंख पसर, अंगावर
```

एवढंच. पंचवीसेक शब्द आणि काही बाण. उताऱ्यासाठी एक ओळ पुरते, कारण त्याची व्याख्या आणि कल्पनेचं नाव एवढंच हवं आहे. (प्रश्न पडद्यावर येतो तेव्हा कल्पनेचं नाव बहुधा त्यात पुन्हा छापलेलं असतंच.) वाचनाच्या ४५ सेकंदांत सुरुवातीचे तीसेक सेकंद पेन्सिल खाली ठेवून नुसतं वाचावं. जे वाचतानाच लिहायला लागतात त्यांचं शेवटचं वाक्य हमखास राहून जातं. आपल्या उताऱ्यात त्या शेवटच्या वाक्यातच पक्षी सुटका करून घेतो हे सांगितलेलं आहे आणि व्याख्यानातला 'उडाला' तिथे जुळतो.

टिपणातली सर्वांत मोलाची खूण मात्र 'पण गाय' ही आहे. व्याख्यानं बरीचशी एका वळणाभोवती रचलेली असतात. वक्त्याचा आवाज बदलतो, 'आता' किंवा 'मात्र' असा शब्द येतो आणि दुसरा भाग सुरू होतो. वळण ऐकू आलं की अर्धं वाक्य टाकून देऊन डाव्या कडेला यावं. कोल्ह्याची गोष्ट रंगतदार आहे, म्हणून तिच्यात गुंतून पडणारे परीक्षार्थी गाईपाशी पोहोचतात तेव्हा त्यांच्या कागदावर ती अर्ध्या शब्दात असते. आणि गाय नुसती जोडकथा नाही. सोंग कशासाठी असतं हे तिच्यामुळेच पुरतं उमगतं: जो खायला आला आहे त्यालाच फसवता येतं.

घरून परीक्षा देणाऱ्यांना साधा कागद वापरायची परवानगी नव्हती. छोटा पांढरा फळा किंवा पारदर्शक पिशवीत घातलेला कागद आणि त्यावर पुसता येणारा मार्कर, एवढंच चालायचं. मुलं याबद्दल कुरकुरत. मला ती अडचण उपकारक वाटते. मार्करच्या जाड टोकाने फार लिहिताच येत नाही.

तयारीच्या ३० सेकंदांत नवीन वाक्यं लिहायची नसतात. टिपणावरून एकदा नजर फिरवायची, 'पण' आणि 'म्हणून' यांच्या खुणा गडद करायच्या, आणि पहिलं वाक्य मनात पूर्ण म्हणून बघायचं. पहिलं वाक्य ओठांवर तयार असलं की बीप वाजल्यावर जे दोन-तीन सेकंद 'अं… सो…' मध्ये जातात ते वाचतात. उरलेली वाक्यं टिपणाच्या पायऱ्या उतरत आपोआप येऊ द्यावीत. उभ्या टिपणाचा फायदा इथे कळतो. नजर खाली सरकत जाते, मागे-पुढे शोधावं लागत नाही.

बोललेलं उत्तर मराठीत मांडायचं तर साधारण असं:

"लक्ष विचलित करणारं वर्तन म्हणजे घरट्याजवळ शिकारी आला असता पक्ष्याने जखमी असल्याचं सोंग करून त्याला लांब नेणं. प्राध्यापिका याचं उदाहरण म्हणून किलडीअर पक्षी घेतात. तो उघड्यावर खडीत अंडी घालतो, त्यामुळे घरटं लपवता येत नाही. कोल्हा आला की तो घरट्यापासून दूर जातो, एक पंख मोडल्यासारखा ओढतो आणि ओरडतो. ही सोपी शिकार आहे असं वाटून कोल्हा मागे जातो, आणि घरटं बरंच मागे पडलं की पक्षी उडून जातो. गाईच्या बाबतीत मात्र तो असं करत नाही. गाय पक्षी खात नाही, म्हणून ती मागे येणारच नाही; पण ती अंडी तुडवू शकते. तेव्हा तो पंख पसरून तिच्यावर धावतो आणि तिला वळवतो. म्हणजे जखमेचं सोंग भक्ष्य शोधणाऱ्या प्राण्यासाठीच असतं."

घड्याळ लावून पाहिलं तर व्याख्येला दहा-बारा सेकंद, कोल्ह्याला पंचवीस, गाईला वीस. पालकाला धोका असतो हे उताऱ्यातलं वाक्य यात आलंच नाही. त्याने काही बिघडत नाही. टोफेलच्या गुणपट्टीत बोलण्याचा प्रत्येक प्रश्न ० ते ४ वर तपासला जायचा. बोलणं कानाला सहज कळतं का, भाषा कितपत सफाईने वापरली आहे आणि विषय कितपत पूर्ण व जोडून मांडला आहे, असे तीन निकष होते. चारपैकी चार मिळवणाऱ्या उत्तरातही किरकोळ चुका आणि किरकोळ तपशील सुटणं मान्य होतं. गाय पूर्णच सुटली असती तर ते किरकोळ नव्हतं.

आता बिघडतं कुठे ते बघू. पहिली आणि सर्वांत नेहमीची गोष्ट म्हणजे पाठ केलेली सुरुवात. 'दिलेल्या उताऱ्यात एका अत्यंत रंजक संकल्पनेबद्दल चर्चा केलेली असून प्राध्यापक महोदया त्याच विषयावर दोन सुंदर उदाहरणांच्या साहाय्याने अधिक प्रकाश टाकतात' अशा थाटाचं वाक्य इंग्रजीत तीसेक शब्दांचं होतं. सव्वाशे शब्दांच्या उत्तरात ती जवळजवळ चतुर्थांश जागा आहे, आणि तिच्यात पक्षी नाही, घरटं नाही. आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धांत 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग' म्हणत सूर लावायची सवय जडते. तिची सावली इथे पडते असा माझा संशय आहे.

दुसरी चूक उतारा जास्त सांगण्याची. उतारा डोळ्यांनी वाचलेला असतो, त्यातले शब्द ओळखीचे वाटतात, म्हणून माणूस तिथे घोटाळतो. ही चूक स्वतःलाच ओळखता येते: ध्वनिमुद्रण ऐकताना पंचविसाव्या सेकंदाला पक्ष्याचं नाव आलेलं नसेल तर उत्तर हाताबाहेर गेलेलं आहे. तिसरी चूक घाईची. शेवटचे दहा सेकंद उरले की वेग दुप्पट होतो, शब्दांचे शेवट गिळले जातात आणि ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. त्यापेक्षा एक तपशील सोडून द्यावा. साठ सेकंद संपले की ध्वनिमुद्रण आपोआप थांबतं. समारोपाचं वाक्य अर्ध्यात तुटलं तर फारसं नुकसान होत नाही, दुसरा मुद्दा तुटला तर होतं.

याच प्रश्नाचा एक धाकटा प्रकार आहे, त्यात उतारा म्हणजे विद्यापीठाची सूचना आणि ध्वनिफीत म्हणजे दोन विद्यार्थ्यांचं बोलणं. समजा सूचना अशी: ग्रंथालय यापुढे रात्री दोनऐवजी दहाला बंद होईल, कारण उशिरा फारसं कुणी येत नाही, आणि वाचलेल्या पैशांतून नवे संगणक घेता येतील. दोघांपैकी एक विद्यार्थी याच्यावर वैतागलेला असतो. दुसरा 'हो का?', 'पण पैसे तर वाचतील ना?' असं म्हणत त्याला बोलतं करतो. इथे टिपणाची रचना बदलते. उताऱ्यातली दोन कारणं कागदावर एकाखाली एक, मध्ये जागा सोडून लिहायची आणि त्यांच्या समोर त्या वैतागलेल्याचं उत्तर भरायचं. 'कुणी येत नाही' यासमोर 'परीक्षेच्या दिवसांत जागा मिळत नाही'. 'संगणक' यासमोर 'सगळ्यांकडे लॅपटॉप आहेत'. बोलतं करणाऱ्याचं वाक्य लिहायचं नाही. आणि तुमचं स्वतःचं मत तर कुणी विचारलेलंच नसतं. ग्रंथालय रात्रभर उघडं असावं असं तुम्हाला मनापासून वाटत असलं, तरी ते पोटातच ठेवायचं.

सरावाची सुरुवात मराठीतून करावी असं मी सुचवेन, म्हणजे पद्धत वेगळी शिकता येते आणि इंग्रजी तिच्यात आडवं येत नाही. सामग्री घरातच असते. सोसायटीच्या फलकावर पाण्याच्या वेळा बदलल्याची नोटीस लागते, आणि तिच्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मिनिटभराचा व्हॉइस मेसेज ग्रुपवर येतो. नोटीस एकदा वाचायची, मेसेज एकदाच ऐकायचा, टिपण काढायचं आणि घरातल्या ज्या माणसाने यातलं काही पाहिलं-ऐकलेलं नाही त्याला एका मिनिटात सांगायचं: बदल काय, समितीने कारणं काय दिली, काकांचं म्हणणं काय. मग त्याला विचारायचं, काका कोणत्या कारणावर भडकलेत? त्याला सांगता आलं नाही तर जोडणारे शब्द कुठेतरी गळलेले आहेत.

पाच-सहा वेळा हे जमलं की इंग्रजीकडे वळावं. मोबाइलवर स्वतःला ध्वनिमुद्रित करावं आणि ऐकताना दोन आकडे लिहावेत: उदाहरण कितव्या सेकंदाला सुरू झालं आणि दुसरा मुद्दा कितव्या. पहिला आकडा पंधराच्या आत आणि दुसरा चाळिसाच्या आत यायला हवा. पहिल्या आठवड्यात तो दुसरा आकडा बहुतेकांचा पन्नासच्या पुढेच असतो. तेव्हा व्याकरणाच्या चुका शोधत बसू नये, व्याख्येचं वाक्य आधी छाटावं.